हाताजोगतं दार

मास्तर पडले त्याला महिना होऊन गेला होता. पडले ते घरातच, फ्रिजसमोर. उजवा हात आणि उजवा पाय पक्षाघाताने आधीच निकामी झालेले. डाव्या हातात चार पायांची काठी. पाणी घ्यायला म्हणून काठी ओट्याला टेकवून त्यांनी दार ओढलं, दार अंगावर आलं, मागे सरायला पाय नाही, आणि तसेच खाली बसले. हाड मोडलं नाही हे नशीब. पण त्या दिवसापासून काकूंनी त्यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही.

म्हणजे काय, तर तेव्हापासून सगळं काकूंनी उठून द्यायचं. पाणी. ताक. पुन्हा पाणी, कारण मघाचं फार गार होतं. इन्शुलिनची बाटली. दुपारी जरा पाठ टेकली की बाहेरच्या खोलीतून "अगं" ऐकू यायचं. मास्तर तसे तोंडाने गोड. चाळीस वर्षं शिवणकामाचं दुकान चालवलेला माणूस, गिऱ्हाइकाला कधी वर आवाज केला नाही. पण गोड हाकेलाही उठावं लागतंच. काकूंचे गुडघे आता जिन्यावर नाही, खुर्चीतून उठतानाच बोलायला लागले होते.

फ्रिजच्या मिस्त्रीला त्यांनी मास्तरांना न विचारताच बोलावलं. तो आला दुपारी, खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदा भिंतीला टेकून उभा राहिला.

"सकाळपासून चौथं घर," तो म्हणाला. "काय बिघडलंय?"

"बिघडलं काही नाही. दार उलट्या बाजूने उघडायला हवंय."

फ्रिज स्वयंपाकघराच्या डाव्या कोपऱ्यात होता. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला ओटा, आणि आत यायची वाट ओट्याकडून. बिजागऱ्या नेमक्या ओट्याच्या बाजूला. त्यामुळे दार उघडलं की येणाऱ्याच्या वाटेत आडवं उभं राहायचं आणि त्याला वळसा घालून जावं लागायचं. धडधाकट माणूस घालतो वळसा. मास्तर कसे घालणार?

"सगळ्याच फ्रिजचं दार फिरत नाही, काकू," मिस्त्री म्हणाला. त्याने वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोट फिरवलं, नखाने प्लॅस्टिकची एक टोपी उचकटली. खाली स्क्रूची भोकं होती. मग गुडघ्यावर बसून बॅटरीने तळाशी पाहिलं. "तुमचं फिरेल. दारात वायरही नाही. पण दोन तास जातील, आणि दाराचं रबर जुनं आहे, ते किती ऐकेल सांगता येत नाही."

बाहेरून मास्तर म्हणाले, "कोण आलंय? कशाला एवढा खटाटोप? मी काय आता आत येणार आहे थोडाच?"

काकू दारात जाऊन उभ्या राहिल्या. "का नाही येणार?"

"पुन्हा पडलो तर?"

"पडलात तर उचलीन. पण दिवसातून चाळीस वेळा उठणं माझ्याच्यानं आता होत नाही, अहो."

एवढं स्पष्ट त्या कधी बोलल्या नव्हत्या. मास्तरांनी मान खाली घातली. काकूंनाही वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यायचं त्राण नव्हतं.

फ्रिज रिकामा झाला. इन्शुलिन शेजारणीच्या फ्रिजमध्ये गेलं. मिस्त्रीने प्लग काढला, फ्रिज पुढे ओढला, वरच्या बिजागरीची टोपी आणि बोल्ट काढले आणि दार उचलून खालच्या खिळीवरून अलगद सोडवलं. खाली जुनी चादर अंथरली होती, तिच्यावर दार आडवं निजवलं. मग फ्रिज किंचित मागे कलवून पुढच्या कडेखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. "धरून ठेवा, नुसता तोल," तो म्हणाला. काकूंनी फ्रिजला खांदा लावला. त्याने खालची बिजागरी आणि पाय काढून त्यांच्या जागांची अदलाबदल केली, बिजागरीतली खिळी दुसऱ्या भोकात आवळली. दार जास्त उघडू न देणारा तळाचा प्लॅस्टिकचा अडणाही या टोकाचा त्या टोकाला नेला. मुठीचे दोन स्क्रू काढले, मूठ उजव्या कडेला बसवली, उघडी पडलेली भोकं बुचांनी बुजवली.

दार चढलं. वरची बिजागरी आधी सैल ठेवून त्याने दाराची कड फ्रिजच्या कडेशी जुळवली, मगच बोल्ट आवळले. दार नीट फिरत होतं. मिस्त्रीने खिशातून कागदाची पट्टी काढली, रबरात धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. डावीकडे घट्ट. वर, खाली घट्ट. उजवीकडे, मुठीच्या बाजूला, पट्टी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली.

"हेच म्हणत होतो," तो खाली बसला. "अकरा वर्षं ही बाजू बिजागरीकडे चेपत होती. रबर बसून गेलंय. गरम फडक्याने शेकून बघतो, थोडं फुगेल. नाहीतर नवं मागवायचं, आठवडा जाईल. तोवर दार पुन्हा होतं तसं करू?"

काकू स्टुलावर बसल्या. पुन्हा होतं तसं.

काठीची टकटक ऐकू आली. मास्तर उंबऱ्यापाशी उभे होते. कधीचे पाहत होते कोण जाणे.

"रबर निघतं का?" त्यांनी विचारलं.

"निघतं, खाचेत बसवलेलं असतं. का?"

"चारी बाजूंनी सारखंच आहे का?"

मिस्त्रीने वाकून पाहिलं. "सारखंच दिसतंय."

"मग फिरवून लाव. वरची बाजू खाली घे, म्हणजे डावी उजवीकडे येईल. चेपलेली जाईल बिजागरीकडे, तिथे तिला सवयच आहे. कॉलर झिजली की आम्ही उसवून उलटी लावायचो. शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा."

मिस्त्री दाराकडे वळला. "हे मला सुचायला हवं होतं, मास्तर. आज डोकंच चालत नाहीये."

दार परत उतरलं, ओट्यावर आडवं ठेवलं. रबर खाचेतून सोललं, साबणाच्या पाण्याने पुसलं, फिरवलं. बसवताना आधी चार कोपरे, मग मधली लांबी, थोडं थोडं दाबत. मास्तर ओट्याला कंबर टेकून उभे राहिले आणि कोणी न सांगता डाव्या अंगठ्याने एका बाजूने दाबत निघाले. काकूंना वाटलं, थांबवावं, दमतील. पण त्या बोटांची चाल त्यांच्या ओळखीची होती. अस्तर बसवताना हाताखालच्या कापडाकडे न पाहता ते असेच पुढे जायचे. त्या स्टुलावर बसून राहिल्या.

"इथे सुरकुती आहे," मास्तर कोपऱ्यावर थांबले. "दिसत नाही, पण आहे." गरम पाण्यात पिळलेलं फडकं तिथे दोनदा धरलं, तेव्हा कोपरा सरळ झाला.

दार चढवलं. या वेळी पट्टी चारी बाजूंनी अडली. मिस्त्रीने पुढचे पाय दोन आटे उंच केले, म्हणजे दार आपणहून मिटेल, आणि भिंतीपासून चार बोटं जागा सोडली. "कलवला होता, तासाभराने प्लग लावा," असं सांगून तो चहा न घेताच गेला. अजून पाचवं घर होतं.

संध्याकाळी फ्रिज पुन्हा घुमू लागला होता. काकू पलंगावर पाय पसरून पडल्या होत्या. मास्तर उठले तसं त्यांचंही अंग सवयीने अर्धं उठलं. मग त्यांनी ते परत खाली टाकलं आणि नुसते कान दिले. टकटक. थांबणं. ओट्याला कंबर टेकल्याचा भांड्यांचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. दार मिटल्याचा मऊ आवाज आला, मग झाकण उघडल्याचा, घोट घेतल्याचा.

"अगं," आतून हाक आली.

"काय झालं?"

"काही नाही. तुला पाणी हवंय का, विचारलं. पण एका हातात काठी आहे, मला आणता येणार नाही. हवं असेल तर तुलाच इकडे यावं लागेल."

काकूंना तहान लागली होती. "नको," त्या म्हणाल्या, "मी नाही उठत," आणि कुशीवर वळल्या.