कारणाचा रकाना

ऑगस्ट २००९ च्या पहिल्या शनिवारी आमच्या वेबसाइटच्या तक्त्यात चारशे बारा नोंदी होत्या. प्रत्येकीत सात रकाने: नाव, मोबाइल, ईमेल, गाव, किती गुंठे हवेत, कुठल्या साइटवर आणि चौकशीची तारीख. कासार आंबोलीच्या प्लॉटच्या ऑफिसात मी लागले तेव्हा एमएस्सीचा निकाल लागून दोन महिने झाले होते. कॉम्प्युटर येणारी मी एकटीच, म्हणून वेबसाइट माझ्याकडे आली. तिच्यावर एक वाक्य होतं: 'आपली माहिती आपण केव्हाही काढून टाकायला सांगू शकता.' ते मीच दुसऱ्या एका वेबसाइटवरून उचललं होतं.

त्या शनिवारी पहिल्यांदा कुणीतरी तसं सांगितलं. बावधनच्या उषा नावाच्या बाईंचा मेल होता.

'मी माले येथील प्लॉटचा भाव विचारला होता. माझी माहिती कृपया पुसून टाका. माझा भाऊ नथू तुमच्या त्याच साइटवर काम करतो. वडिलोपार्जित जमिनीवर माझी सही व्हायची आहे. गुरुवारी वकिलांना भेटेपर्यंत मी भाव विचारल्याचं त्याला कळू नये.'

मी नोंद पुसली. फॉर्म भरला की त्याची एक प्रत ऑफिसच्या मेलवर येते, तीही काढली, कचरापेटीसुद्धा रिकामी केली. होस्टिंगवाल्यांच्या बॅकअपमधली प्रत सात दिवसांनी आपोआप जाणार होती. बाईंना उत्तर लिहिलं: 'आपली सर्व माहिती काढून टाकली आहे.'

मग एक शंका आली. आमचे सहा एजंट पुण्यातल्या प्रदर्शनांतूनही नंबर आणायचे. हाच नंबर तिथून परत आला तर? म्हणून 'यांना फोन करू नये' या यादीत त्यांचं नाव आणि नंबर घातला. त्या यादीला शेवटी 'कारण' असा रकाना होता. मालक दादासाहेबांनीच तो टाकायला लावला होता. "गिऱ्हाईक का सोडायचं, ते कळाय नगं व्हय?" असं त्यांचं म्हणणं.

कारण मी मेलमधून घेतलं. काही गळू नये, म्हणून पूर्ण घेतलं.

सोमवारी यादीच्या सहा प्रती छापून एजंटांना दिल्या. मालेची प्रत जयसिंग घेऊन गेला.

गुरुवारी दुपारी उषाताई ऑफिसात आल्या. चाळिशीच्या, खांद्याला ऑफिसची पर्स. त्यांनी चार घड्यांचा कागद टेबलावर उलगडला. माझीच यादी होती. त्यांच्या ओळीवर पेनाने गोल केला होता.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"अक्षरन् अक्षर माझंय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी नथू तुमच्या यादीची ही झेरॉक्स घेऊन घरी आला. बरोबर चुलते, आत्या. म्हणाला, 'वकील करतीस व्हय गं? मालेचा भाव काढतीस?' काल पौडला निबंधकाच्या ऑफिसात हक्कसोड पत्रावर सही झाली माझी."

जयसिंग दारातच उभा होता. तो हसत म्हणाला, "अवो ताई, आमी काय चोरून न्हाई दिला. सायटीवर भितीला लावलेली यादी हाय. नथूनं वाचली, त्याला आमी काय करनार?"

"गप रं," दादासाहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ज्ञानदा, तू तर पुसलं म्हनली हुतीस."

"पुसलं होतं," मी म्हणाले.

"आता फोन करा की मला," उषाताई म्हणाल्या. "आता काय लपवायचंय! माले माझं माहेर. माहेरात स्वतःच्या पैशानं चार गुंठे विकत घेईन म्हणते." कुणी हसलं नाही. पर्स उचलताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "बाकीच्यांची तरी नीट पुसा."

त्या गेल्यावर मी यादीतून नाव आणि कारण हे दोन्ही रकाने काढले. फक्त नंबर ठेवले. फोन टाळायला नंबर पुरतो, हे मला शनिवारीही कळायला हवं होतं. त्यांचा मूळ मेल अजून माझ्याकडे होता, पुरावा म्हणून मीच ठेवलेला. तोही काढला. मग एसटीने मालेला गेले आणि भिंतीवरची यादी उतरवली. चिकटपट्टी जोरात ओढली, तसा चुन्याचा पापुद्रा निघाला. बाकीच्या एजंटांना फोन केले. दोघांनी विचारलं, "त्या नथूच्या बहिनीचं का?"

पुढच्या आठवड्यापर्यंत सहाही प्रती परत आल्या. झेरॉक्स उषाताईंकडे होती. आलेल्या सहा मी फाडून जाळल्या. होस्टिंगवाल्यांच्या बॅकअपचे सात दिवस उलटू दिले. मग 'उषा' हे नाव आणि त्यांचा नंबर तक्त्यात, मेलमध्ये, यादीच्या फायलींमध्ये शोधला. नंबर यादीत एकदा सापडला, नावाशिवाय. नाव सापडलं शून्य वेळा.