दोन्ही हात खाली

सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या वर्गांवर शिकवलं. कोणी बाळंतपणाला गेलं की मला बोलावणं, कोणाचा पाय मोडला की मला बोलावणं. त्या सकाळी मात्र कायमच्या नोकरीसाठी माझा नमुना पाठ होता आणि घरात नुसता धिंगाणा चालला होता. नवरा आणि लेक चहाचे कप बाजूला ठेवून हात वर-खाली करत माझी तयारी करून घेत होते.

"मिळाली तर कोपऱ्यावरूनच दोन्ही हात वर कर," नवरा म्हणाला. "मी खिडकीत उभा आहे."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर हात खाली. तुला तोंडानं सांगायला नको."

मला एकदम भरून आलं. मग नेहमीसारखी मी त्याच्यावरच खेकसले आणि निघाले.

हातांची ही पद्धत माझी स्वतःची, गणित शिकवण्यासाठी काढलेली. अपूर्णांकाचा छेद शून्य होतो (आणि अंश होत नाही), तिथे फळ्यावर एक उभी तुटक रेषा काढायची. ती अनंतस्पर्शी. आलेख तिला कधी शिवत नाही, पण जवळ येताना आभाळात तरी जातो, नाहीतर पाताळात. मी वर्गाकडे पाठ करून रेषेपुढे उभी राहते, म्हणजे माझं डावं तेच मुलांचं डावं. डावा हात डाव्या बाजूचा, उजवा उजव्या बाजूचा; किंमत अधिक तर हात वर, उणे तर खाली. मुलांनीही तसेच हात करायचे.

वर्ग गच्च भरलेला होता. शेवटच्या बाकावर परीक्षक मॅडम, चष्मा नाकाच्या टोकावर. मी गणित लिहिलं: अंशात एक्स वजा तीन, छेदात एक्स वजा दोन, या सगळ्याचा वर्ग. रेषा दोनवर.

"डावीकडचा आकडा घ्या. एक."

"उणे दोन!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली. तिला सगळे रेडिओ म्हणत.

"उणे, म्हणजे डावा हात खाली. आता उजवीकडचा, तीन."

"शून्य!"

शून्याला ना अधिक ना उणे. घाईची सवय मेली माझी, मी एक पाऊल पुढे सरकले. "मग चार घ्या."

"एक छेद चार! अधिक!"

"उजवा हात वर!" मी फळ्यापुढे एक हात खाली, एक वर करून ऐटीत उभी राहिले आणि मान वळवली. चाळीस मुलं अगदी तशीच. परीक्षक मॅडम मात्र दोन्ही हात बाकाखाली सोडून बसलेल्या.

माझं डोकं सटकलं. "मॅडम, माझ्या वर्गात सगळे हात करतात!"

"केलेत की," त्या म्हणाल्या. "दोन्ही खाली."

मी वळून फळ्याकडे पाहिलं. तीनवर शून्य, म्हणजे अपूर्णांकाची किंमत तिथे उण्याची अधिक होते. मी ते ओलांडून चारला विचारायला गेले होते. दोनच्या शेजाऱ्याची चौकशी पलीकडच्या गल्लीत!

सहा वर्षं गेली पाण्यात, असं वाटलं. पण चूक फळ्यावर होती आणि मुलं बघत होती.

"माझं चुकलं," मी म्हटलं. "रेडिओ, रेषेला चिकटून बघ. दोन पूर्णांक एक दशांश."

कॅल्क्युलेटर टकटकले. "उणे नव्वद!"

"आणखी जवळ. दोन पूर्णांक एक शतांश."

"उणे नऊ हजार नऊशे! बाई, हे तर कोसळतंय!"

"का?"

मागून कोणीतरी म्हणालं, "अंश उणे एकच्या आसपास. छेद वर्ग आहे, दोन्हीकडे अधिकच, आणि इवलासा."

"मग हात?"

चाळीस जणांचे ऐंशी हात खाली गेले. आणखी जवळ, मी ओरडले, आणि मुलं बाकांवरून वाकली, फरशीला बोटं लावायला लागली. खाली, आणखी खाली! एक बाक कलंडलं, हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. शेवटच्या बाकाखालून आवाज आला, "मला कोणीतरी उठवा रे!" परीक्षक मॅडमही वाकल्या होत्या. त्यांना मी आणि दोन मुलांनी मिळून वर काढलं.

पदर सावरत त्या म्हणाल्या, "सोमवारपासून या. उत्तर शून्य आलं तर मात्र ते ओलांडून चारकडे जाऊ नका."

मी घरी चालत नव्हते, उडत होते. कोपऱ्यावर आले तेव्हा तोंडात एकच घोष होता, "दोन्ही खाली, दोन्ही खाली!" हातही तसेच, जमिनीकडे ताणलेले.

खिडकीत नवरा दिसला. त्याचा चेहरा पार उतरला होता, आणि तरीही तो मला पाहून हसायचा प्रयत्न करत होता. लेकीनं त्याचा हात धरला होता.

"अहो, हे गणिताचं उत्तर आहे!" मी रस्त्यातच ओरडले, आणि दोन्ही हात वर केले.