मंगळवार, दुपारी दीड

जिंतूरच्या बसस्टँडमागं एका खतांच्या दुकानाच्या माडीवर ते सेंटर चालायचं. बारावी झालेल्या पोरीबायांना सहा महिन्यांत रुग्णसेवेचं काम शिकवायचं, फी नाही, सकाळी दहा ते पाच, वरून बसचा पास. एवढं सगळं फुकट असून वीस पोरी मिळत नव्हत्या. परभणीच्या मुख्य ऑफिसानं तर स्पष्टच कळवलं होतं. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला, शुक्रवारी पाचपर्यंत वीस फॉर्म आले नाहीत, तर बॅच दुसऱ्या तालुक्याला जाणार.

धम्मशीलानं हे पत्र वाचलं आणि तिचं डोकंच तापलं. सेंटरची ती समन्वयक, वय एकोणतीस, आणि ही बॅच तिनं दोन वर्षं भांडून आणली होती. तिच्या हाताखाली माणूस एकच, नागसेन. कॉम्प्युटर तोच बघायचा, इन्स्टाग्रामचं पेजही तोच. पेजला अडतीसशे फॉलोअर होते आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

"मॅडम, टायमिंगमध्ये आपली चूक न्हाई," नागसेननं मोबाईल तिच्यापुढं धरला. "हे इनसाइट्स बघा. आपले फॉलोअर कोणत्या वारी, कोणत्या तासाला इन्स्टावर असतात ते इथं दिसतंय. सगळ्यात उंच पट्टी रात्री नऊची. मंगळवारी अन् गुरुवारी तर लयच उंच. म्हणून मी कॅरोसेल नऊलाच टाकायलोय."

कॅरोसेल म्हणजे एकामागं एक सरकवत बघायची सात चित्रं. कोर्स काय, कागद कोणते, नोकरी कुठं, आणि शेवटी फॉर्मची लिंक कुठं आहे ते. महिनाभरात अशी आठ टाकून झाली होती. लाइक भरभरून. फॉर्म तीन.

"दोनशे लोक लाइक ठोकून जायलेत आणि फॉर्म तीन?" धम्मशीला म्हणाली. "हे लोक हायेत तरी कोण?"

नागसेननं पुढचं पान उघडलं. फॉलोअरमध्ये एक्क्याऐंशी टक्के पुरुष. दोघंही त्या आकड्याकडं बघत राहिले. पोरींसाठी काढलेलं पेज, आणि पोरीच नाहीत!

सेंटरचे अध्यक्ष भगवानराव हे विज्ञानाचे निवृत्त मास्तर. त्यांना इन्स्टाग्रामचं ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रयोग कसा करायचा ते पक्कं कळत होतं. "पट्टी काय सांगती? लोक कवा जागे हायेत एवढंच. फॉर्म कोण भरतंय ते न्हाई सांगत," ते म्हणाले. "दुसरी एखादी वेळ लावून बघा की. पण बाकी काही हलवायचं न्हाई. चित्रं सातच, साचा तोच. वेळ तेवढी बदला."

दुसरी वेळ म्हणून दुपारी दीड ठरली. तिथं पट्टी नऊच्या निम्मीसुद्धा नव्हती, नागसेनचं तोंड वाकडं झालं. तरी त्यानं वहीत रकाने आखले. पहिल्या आठवड्यात मंगळवारी रात्री नऊ, गुरुवारी दुपारी दीड. दुसऱ्या आठवड्यात उलटं, म्हणजे गुण वाराचा की वेळेचा ते उघडं पडेल. आकडे प्रत्येक वेळी बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी लिहायचे. अधेमधे डोकावायचं नाही, असं भगवानरावांनी दम देऊन सांगितलं होतं. नागसेन अर्थातच डोकावला.

गुरुवारी संध्याकाळी पाचला तो खुर्चीतून उठलाच. "मॅडम! नऊच्या पोस्टला सेव्ह सहा होते. ह्या दीडच्या पोस्टला चौसष्ट! साडेतीन तासांत! अन् लिंकवर एकोणीस जणांनी टिचकी मारली, नऊला फक्त दोघांनी. लाइक मात्र एकतीसच."

धम्मशीलाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी तर कहरच झाला. चौसष्ट सेव्ह होते त्याचे एकेचाळीस झाले.

"सेव्ह कमी कसे होतेत?" तिनं विचारलं.

"कुणी सेव्ह केलेलं काढून टाकलं की होतेत," नागसेन म्हणाला. "पण तेवीस जणांनी? एका संध्याकाळीत? आधी जपून ठेवायचं अन् मग पुसायचं, हा काय प्रकार हाय?"

भगवानरावांनी ऐकून घेतलं. "एकदा घडलं म्हणजे नियम झाला न्हाई. फिरवून बघा."

फिरवून बघितलं. मंगळवारी दुपारी दीड, गुरुवारी रात्री नऊ. पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यातही तेच, उलट मंगळवारची दुपार गुरुवारच्या दुपारपेक्षा थोडी सरसच निघाली. रात्री लोक दुप्पट बघत होते, फॉर्म मात्र दुपारी येत होते, आणि संध्याकाळ झाली की सेव्ह गळत होते. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पण फॉर्म अकरा झाले. धम्मशीला त्या दिवशी घरी गेली ती हवेत तरंगतच.

घरी आई सरजाबाई, भाऊ धम्मपाल आणि त्याची बायको संघप्रिया. धम्मपाल टेम्पो चालवायचा. जेवताना धम्मशीलानं सगळी कथा सांगितली. "दुपारी कोण बसतंय मोबाईल घेऊन, काय कळंना गं आई. बरं, आपल्या घरात तरी पोरींना कुणी कवा अडवलं न्हाई. बाबासाहेबांचं नाव घेणारी माणसं आपण. बाकीच्यांना कवा कळायचं कुणास ठाऊक." संघप्रिया भाकरी वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग तिनं भाकरी ताटात ठेवली आणि चुलीकडं वळली. धम्मशीलानं आणखी थोडं वरण मागितलं.

दुसऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात तिनं एक चूक केली. आलेल्या अकरा जणींना फोन करून कागद आणायला सांगायचं, तर दिवसभर कामात वेळ झाला नाही, म्हणून संध्याकाळी साडेसातला सुरुवात केली. पहिलाच नंबर वालूरचा, नाव अर्पिता. फोन एका पुरुषानं उचलला.

"कोण अर्पिता? माझी बहीण हाय. कसला फॉर्म? तुमी कोण बोलायलाव?"

धम्मशीलानं भाबडेपणानं सगळं सांगून टाकलं. पलीकडं तो माणूस ओरडला, "अर्पे, इकडं ये!" आणि फोन कट झाला. धम्मशीलानं पुन्हा लावला, उचलला गेला नाही. बाकीचे दहा फोन लावायची तिची हिंमतच झाली नाही.

त्यानंतरच्या दुपारी पावणेदोनला सेंटरचा फोन वाजला. आवाज दबका होता.

"मॅडम, मी अर्पिता. माझा फॉर्म काढून टाका. रातच्याला कामून फोन केलाव तुमी? मोबाईल दत्तादादाचा हाय. सकाळी शेतात जाताना नेतोय, दुपारी जेवून निजतोय, तवा तासभर माझ्या हातात ऱ्हातोय. मी तुमचं ते सेव्ह करून वाचते, चहाच्या येळेला काढून टाकते. न्हाईतर त्याला दिसतंय ना."

"तू एकटीच असं करतीस?"

"एकटी कशाला? आमच्या गल्लीत सगळ्याच. तुमी नऊला टाकलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते पार खाली जातंय, त्याच्यावर क्रिकेट अन् रील. सापडतच न्हाई." ती थांबली. "उठला वाटतं," म्हणाली आणि फोन ठेवला.

धम्मशीलानं फॉलोअरचं ते पान पुन्हा काढलं. एक्क्याऐंशी टक्के पुरुष म्हणे! नावं भावांची, नवऱ्यांची, बापांची. पट्टीनं खोटं सांगितलं नव्हतं. रात्री नऊला ते मोबाईल खरंच चालू असायचे, फक्त त्या पोरींच्या हातात नसायचे. आणि हे सगळं कळायच्या आधी तिनं स्वतःच्या हातानं एका पोरीचं नाव तिच्या भावाला सांगून टाकलं होतं. तिला स्वतःची इतकी शरम वाटली की डोळे भरून आले. नागसेननं पाण्याचा ग्लास पुढं केला.

अर्पिताचा फॉर्म काढला. दहा राहिले. त्याच दिवशी नागसेननं फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला, "फोन कधी करावा?" आणि भगवानरावांनी सांगितलं, "प्रयोग झाला. आता दुपार सोडून कवाच टाकू नका." शेवटच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी दीडला कॅरोसेल गेलं. सातवं चित्र तेवढं बदललं होतं. त्यावर लिहिलं होतं, "तुम्ही सांगाल त्याच वेळी फोन करू. दुसऱ्या कुणालाही काही सांगणार नाही."

मंगळवारी संध्याकाळपर्यंत सोळा. गुरुवारी दुपारी पुन्हा एक टाकलं, एकोणीस झाले. शुक्रवार उजाडला आणि एकोणीसवरच अडकलं. सकाळभर काही नाही. बारा वाजले, एक वाजला. नागसेन दर मिनिटाला पान ताजं करत होता आणि धम्मशीलानं डब्याला हातही लावला नव्हता. तिची दोन वर्षांची धडपड एका पोरीवाचून पाण्यात जाणार होती.

एक वाजून बावन्न मिनिटांनी नागसेन ओरडला, "आला! मॅडम, विसावा आला! बारावी सायन्स, एकाहत्तर टक्के. जिंतूरचीच हाय."

धम्मशीला हसत उठली, स्क्रीनवर वाकली आणि तशीच थिजली. मोबाईल नंबर तिला तोंडपाठ होता. तो धम्मपालचा होता.

नाव, संघप्रिया. शिक्षण, बारावी सायन्स. दोन वर्षं झाली होती ह्या पोरीला घरात येऊन. तिला एकाहत्तर टक्के होते हे धम्मशीलाला माहीत नव्हतं. ती सायन्सला होती हेही माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी घरी जायचं, डब्याची पिशवी तिच्या हातात द्यायची, तालुक्यातल्या पोरींच्या शिक्षणाची गोष्ट सांगायची आणि चहा मागायचा. अडवलं कुणीच नव्हतं. विचारलंही नव्हतं.

तिची नजर शेवटच्या रकान्यावर गेली. फोन कधी करावा? समोर लिहिलं होतं, "दुपारी दीड ते अडीच, हे जेवून झोपतात तेव्हा. संध्याकाळी करू नये. नणंद घरी असते."

"काय झालं मॅडम?" नागसेननं विचारलं. "वीस झाले की! परभणीला कळवू का?"

"कळव," ती म्हणाली. तिचा स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. ज्या दत्ताचा तिला एवढा राग आला होता, त्याच्याच रांगेत कुणीतरी तिला नेऊन उभं केलं होतं, आणि तेही खोटं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात दोनला तीन मिनिटं कमी होती. तिनं आपला मोबाईल बाजूला ठेवला आणि सेंटरचा फोन ओढून नंबर लावला. दुसऱ्याच घंटीला उचलला गेला.

"हॅलो, कोण?" तसाच दबका आवाज, धम्मपालच्या झोपेला जपणारा.

"सेंटरातून बोलायलेय," धम्मशीला म्हणाली. "तुमचा फॉर्म मिळाला."

पलीकडं आवाज ओळखला होता.

"ताई?"

"आत्ता बोललं तर चालंल का तुला?" धम्मशीलानं विचारलं.