दोन कुलपांचं गोडाऊन

पत्र्याचं शटर, दहा फूट रुंद. दोन्ही टोकांना कडी, प्रत्येक कडीला एक कुलूप.

*

कामतघरच्या चाळीत शेवंताच्या खोलीला कुलूप नाही. ती बाहेर पडताना कडीला सुतळी बांधते. शेजारणी हसतात, "काय गं, चोरांना आवतण देतेस का?"

*

१९९७. नणंद बकुळा शाळेतून आणलेला पेपर वाचून दाखवते. दूर आफ्रिकेत एका देशात आयोग बसलाय. जुन्या राजवटीतल्या माणसांनी तिथं येऊन आपण राजकारणापायी काय काय केलं ते सगळं सांगायचं. काहीही न लपवता सांगितलं तर माफी मिळू शकते. लपवलं तर खटला.

शेवंता तांदूळ निवडत विचारते, "आणि ज्यांचं माणूस गेलं, त्यांनी लपवलं तर?"

*

राहनाळ गावात गोडाऊनची रीत अशी: एक कुलूप जागामालकाचं, एक मालवाल्याचं. दोघं हजर असल्याशिवाय शटर वर जात नाही. म्हणजे कोणी कोणाला फसवत नाही.

*

आता सरळ.

१९८४ साली शेवंताचा नवरा वाल्मीक एका कापडवाल्याच्या गोडाऊनवर राखणीला होता. जागा गावच्या बाळारामची. नवराबायको समोरच्याच खोलीत राहायचे. मालवाल्याच्या कुलपाची चावी शेवंताच्या कमरेला असायची.

दंगल पेटली तेव्हा लूमवरचे दोन कारागीर, रऊफ आणि मुस्तकीम, कामतघरहून पळत आले. वाल्मीकने बाळारामला बोलावून शटर उघडलं आणि त्यांना गोडाऊनमध्ये घेतलं. ते एकटे घाबरतील म्हणून तोही आत बसला. शटरखालून त्याने सांगितलं, "शेवंता, दोन्ही कुलपं लागली पायजेत. एकच लागलेलं दिसलं तर लोकांना कळंल आत कोणतरी हाय. बाळाराम त्याचं लावतो, तू तुझं लाव."

इथल्या कोणालाही हेच सुचलं असतं. बाहेरून दोन कुलपं असलेल्या गोडाऊनमध्ये माणूस नसतो, माल असतो.

बाळारामने डावं लावलं. शेवंताने उजवं लावलं.

तासाभराने जमाव आला तो माणसं शोधायला नव्हे, माल जाळायला. मागच्या पत्र्यातून पेटते बोळे आत पडले. शेवंताने धावत जाऊन आपलं कुलूप काढलं. डावं तसंच होतं. शटर एका बाजूने वीतभर उचललं आणि अडकलं. तिने बाळारामच्या घराकडे हाका मारल्या. तो आला नाही.

*

पोलीस चौकीत जबाब घेणाऱ्याने विचारलं, "कुलूप कोणी लावलं?"

"बाळारामने."

त्याने लिहिलं. पुढचा प्रश्न केला नाही. तिनेही पुढचं सांगितलं नाही. त्या एका ओळीवरून बाळारामवर खुनाचा गुन्हा दाखल झाला: जमावात सामील होऊन तिघांना कोंडून जाळलं.

*

१९८६. चौकशी आयोग गावात बसला. निवृत्त न्यायाधीश, एक टंकलेखक, दोन पंखे. आयोग शिक्षा देत नाही. काय झालं ते शोधतो आणि सरकारला अहवाल देतो. शेवंता मागच्या बाकावर होती. बाळारामला बोलावलं तेव्हा त्याच्या वकिलाने उठून आधी कायदा वाचला: आयोगाच्या प्रश्नाला साक्षीदाराने दिलेलं उत्तर नंतर कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. फक्त खोटं बोलला तर खटला.

मग बाळाराम बोलला. शांतपणे, शटरची उंची सांगावी तसा.

"कुलूप वाल्मीकनं सांगितलं म्हणून लावलं. चावी माझ्या खिशात व्हती. वहिनी हाका मारत व्हती, ते ऐकलं. मी दार आतून लावून बसलो. गेलो न्हाय."

"का गेला नाहीत?"

"भ्यालो."

"कुलपं किती होती?"

"दोन. दुसरं वहिनीचं."

टंकलेखकाची बोटं चालू राहिली. शेवंताने पदर तोंडात धरला. तिला दोन वर्षं ऐकायचं होतं ते तिने ऐकलं होतं, आणि लपवायचं होतं ते त्याच दमात बाहेर पडलं होतं.

अहवाल सरकारकडे गेला. तो सहा महिन्यांत विधिमंडळापुढे यायला हवा होता. तिने आठ महिने पेपर पाहिले. त्यात अहवालाचं नाव नव्हतं.

*

१९९०. खटल्याची तारीख लागली. दोन्ही समाजांच्या शांतता कमिटीने तिला बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली. रऊफचा भाऊ सत्तार समोर बसला होता.

"भाभी," तो म्हणाला, "ह्यांच्यावर केसेस हायेत, आमच्यावरबी हायेत. माझी दोन पोरं आत जातील. बाकीच्या केसेस सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीनं मागे घेतोय. ही घेत नाय, आणि खून आपसांत मिटत नाय. राहता राहिलात तुम्ही."

"म्हणजे मी काय करू?"

"बोलायचं, धूर होता, कोण होतं दिसलं नाय. ह्यांच्यातला एक जन्मठेपेला गेला तर आमच्या पोरांवरचे साक्षीदारबी जागे होतील. मग परत तेच. छह साल से मोहल्ला शांत है."

"तुझा भाऊ जळालाय, सत्तारभाई."

"तो तर गेला," सत्तारने बशी फिरवली. "जे आहेत त्यांचं बोला ना."

दारात बाळाराम उभा होता. म्हणाला, "वहिनी, मी आयोगापुढं खरं बोललो. तिथं बोलायला जागा व्हती. कोर्टात मला जागा न्हाय."

"बोलून मोकळा झालास," शेवंता म्हणाली. "आता चहा पी माझ्या वाटचा."

*

सरकारी वकिलाने वेगळाच सल्ला दिला. "पोलीस जबाबाला धरून राहा. एक कुलूप, बाळारामचं. बाळारामचे वकील दुसऱ्याबद्दल विचारतील, नाही म्हणा. आयोगातलं इथे त्यांना वाचता येणार नाही, मलाही नाही."

ती मोजत राहिली. गप्प बसली तर शांतता. खोटं बोलली तर बाळारामला जन्मठेप. खरं बोलली तर काय, ते कोणीच सांगत नव्हतं.

*

ठाण्याचं सत्र न्यायालय. पिंजऱ्यात बाळाराम. त्याच्या वकिलाने विचारलं, "उजव्या कडीला कुलूप कोणाचं होतं?"

तिने बाळारामकडे पाहिलं. एकदा तरी तो इथे तोंड उघडेल असं तिला वाटत होतं. पण आरोपीला गप्प बसता येतं. तो पायांकडे बघत होता.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, उत्तर द्यावं लागेल. त्या उत्तरावरून तुमच्यावर खटला होणार नाही. खोटं बोललात तर होईल."

"माझं," शेवंता म्हणाली. "मी लावलं. नवऱ्यानं सांगितलं म्हणून. मी माझं काढलं. त्यानं त्याचं काढलं न्हाय. चावी त्याच्याकडे व्हती."

"पोलिसांना हे सांगितलंत?"

"न्हाय."

"का?"

"कोणी विचारलं न्हाय. आणि मला सांगायचं नव्हतं."

सरकारी वकील उठला. "साहेब, आरोपीने स्वतः आयोगापुढे—"

"खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. "ते इथे येत नाही."

*

निकालपत्रात चार पानं शेवंतावर होती. एकमेव साक्षीदार. महत्त्वाची गोष्ट सहा वर्षं दडवली. आरोपीने कोंडून मारण्यासाठीच कुलूप लावलं, हे तिच्याच साक्षीने डळमळीत झालं. संशयाचा फायदा. सुटका.

बाहेर सत्तारने तिला हात जोडले. त्याला वाटलं, तिने कमिटीचा शब्द पाळला. तिने त्याची समजूत दुरुस्त केली नाही. राहनाळमध्ये मात्र बायका कुजबुजल्या: नवऱ्याला कोंडणारी हीच. बाळारामला कोणी काही म्हटलं नाही. त्याने ते गोडाऊन पाडून मोठं बांधलं. आयोगापुढचं त्याचं बोलणं सरकारी कागदांच्या एका बासनात राहिलं.

*

बकुळा पेपरची घडी घालते. "वहिनी, आफ्रिकेत असतीस तर बाळाराम सगळ्यांसमोर बोलला असता. तू समोर बसून ऐकलं असतंस."

"ऐकलंच की," शेवंता म्हणते. "मग?"

शेवंता उठते, बाहेर जाते, कडीला सुतळी बांधते. मग आठवतं, बकुळा आत आहे. ती सुतळी सोडते.

*

दंगलीच्या आदल्या दिवशी वाल्मीकने दोन्ही कुलपांना तेल घातलं होतं, पटकन उघडावीत म्हणून.