भोंगसाहेबांची बहीण

तक्रार निनावी होती, पण वेडीवाकडी नव्हती. लोणी देवकरला आमचा पशुखाद्याचा कारखाना आहे. तक्रारींसाठी वेगळा ईमेल आहे आणि तो फक्त अंतर्गत लेखापरीक्षण विभागात, म्हणजे माझ्याकडे आणि रामकडे उघडतो. त्यात लिहिलं होतं, 'खरेदी व्यवस्थापक युवराज भोंग पोती फक्त आपल्या बहिणीच्या घरून घेतात. बाकीची दोन कोटेशनं खोटी असतात. कमिशनही खातात.' खाली नाव नाही.

"ही तर पहिल्याच ओळीत आपटली," राम म्हणाला. "भोंगसाहेबांना बहीणच नाही. एकुलते एक आहेत ते."

राम पुण्याचा. मी, मुबशिरा बागवान, बारामतीची. आमच्याकडं ज्याला सख्खी बहीण नाही, त्याच्या मनगटावर मानलेल्या बहिणींच्या राख्यांनीच जागा उरत नाही. मी म्हटलं, "बहीण असते रे, कागदावर नसली तरी." बोलून गेले तेव्हा स्वतःचं कौतुकच वाटलं. आता त्याची आठवण नको वाटते.

वस्तू कोणती, पद्धत कोणती, हे तक्रारीत स्पष्ट होतं. तपासता येण्यासारखं होतं. म्हणून चौकशी करायची ठरलं. कारखान्यात कुणालाही न सांगता मी लेखापरीक्षण समितीचे अध्यक्ष बापूसाहेब यांना कळवलं. त्यांनी आधी विचारलं, "तुमच्या दोघांचं भोंगांशी काही नातं, देणंघेणं?" नव्हतं. मग म्हणाले, "तक्रार कुणी केली ते शोधायचं नाही. कुणाला ओळखू येईल असं काही मागायचंही नाही."

म्हणून आम्ही नुसती पोत्यांची फाइल मागितली नाही. मका, पेंड, मीठ, वाहतूक, सगळीच खरेदी मागितली. भोंगसाहेबांच्या ईमेलची प्रत त्याआधीच काढून ठेवली होती. बिचारे स्वतः कपाट उघडून गठ्ठे काढून देत होते. "घ्या मॅडम, आमचं समदं उघडं हाय," म्हणत होते.

उघडं होतंच. पोत्यांच्या मोठ्या ऑर्डरचे तुकडे केले होते, म्हणजे प्रत्येक तुकडा त्यांच्या एकट्याच्या सहीत बसावा आणि वरच्या मंजुरीला जाऊ नये. कोटेशनं दरवेळी तीन. पण दोन कंपन्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्ही कधी पाठवलीच नाहीत. कमिशनचा मात्र कुठं माग नव्हता, आणि दर बाजारापेक्षा थोडासाच चढा. तिसरं कोटेशन शेळगावच्या अल्ताफ तांबोळींचं. ऑर्डर नेहमी त्यांनाच.

मग पुरवठादारांच्या भेटी. त्याही पाच ठेवल्या, शेळगाव चौथं. अल्ताफ माल आणायला गेला होता. शेडमध्ये शिलाई यंत्रं चालू होती आणि त्याची बायको शबीना हिशेबाच्या टेबलावर बसली होती. मी ओळखपत्र दाखवलं, कंपनीच्या तपासणीसाठी आलोय म्हणून सांगितलं. तिनं ओळखपत्राकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं.

"बागवान? बारामतीच्या राजमहंमदची पोर का गं तू?"

"हो."

"मग आपलीच की! बस बस. जेवूनच जायाचं."

तपासणीला गेल्यावर पुरवठादाराकडं जेवायचं आम्हाला चालत नाही. मी नुसतं पाणी घेतलं, तेवढ्यानंही ती जरा हिरमुसली. रामनं यंत्रं मोजली, मालाची नोंद पाहिली. मग जो प्रश्न आम्ही पाचही ठिकाणी विचारत होतो, तोच मी विचारला. "आमच्या कंपनीत तुमचं कुणी नातेवाईक?"

तिचा चेहरा असा खुलला, की मला तिथंच थांबवावंसं वाटलं.

"युवराज हाय की! माझा भाऊ. आमी शेजारी वाढलो. माझ्या निकाहला मांडवात उभा हुता, पाव्हण्यांच्या चपला सांभाळत. दर राखीला येतो, ईदला येतो. अल्ताफचं दुकान बसलं तवा त्येनंच हे शेड उभं करायला सांगितलं. सख्खा असता तर येवढं केलं नसतं बघ."

राम लिहून घेत होता. तिनं मजकूर वाचला आणि अभिमानानं सही केली. मी आपल्यातली, म्हणून ती मोकळं बोलली. मी नियमानं विचारलं, ती मायेनं बोलली, आणि तिच्या मायेचा मी पुरावा केला. गाडीत मला रामकडं बघवेना.

भोंगसाहेबांशी बोलणं शेवटी ठेवलं होतं. मी विचारत होते, राम लिहीत होता. कोटेशनांचं त्यांनी लगेच कबूल केलं. "मीच बनवली. अल्ताफला काम मिळावं म्हनून. पैसा खाल्ला न्हाय, मॅडम. पोरांची शपथ."

"अल्ताफ तांबोळींशी तुमचा काय संबंध?"

"पुरवठादार. बस."

"दरवर्षी तुम्ही लिहून देता की जवळच्या संबंधातला कुणी पुरवठादार नाही."

"न्हायच. रक्ताचं न्हाय, लग्नाचं न्हाय."

"त्या कागदात 'मानलेलं नातं' असंही लिहिलंय, साहेब. शबीनाताई म्हणाल्या की तुम्ही त्यांचे भाऊ."

त्यांचा चेहरा पडला. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिले. मग म्हणाले, "उद्या लेखी देतो." तोवर तांबोळींच्या घरी संपर्क करायचा नाही, आणि तक्रार कुणी केली याचा शोध घेऊन कुणाला त्रास द्यायचा नाही, असं मी बजावलं. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी शबीनाचा फोन आला. गावात बातमीला पाय फुटतात.

"बेटा, मी त्या दिवशी उगं बडबडले. युवराज माझा कुनी न्हाय. वळखीचा, येवढंच. राखी-बिखी काय न्हाय. तसं लिव."

"ताई, त्यांनी फोन केला तुम्हाला?"

"न्हाय गं. त्यो कशाला करील?" मग आवाज फुटला. "त्येची नोकरी ऱ्हाऊ दे. माझं नातं काय, कागदावर नसलं तरी चालंल."

हे तर माझंच वाक्य होतं. ते मी कौतुकानं बोलले होते. तिनं त्याची किंमत मोजली होती. "तुम्ही जे बोललात ते मला लिहावं लागेल," एवढंच म्हटलं आणि तिचं फोनवरचं बोलणं टिपून ठेवलं.

सकाळी भोंगसाहेब टाइप केलेला कागद घेऊन आले. माझा तांबोळी कुटुंबाशी कोणताही वैयक्तिक संबंध नाही, असं त्यात होतं. सही बाकी होती. नवी माहिती त्यांच्यासमोर ठेवणं माझं काम होतं.

"काल शबीनाताईंचा फोन आला. म्हणाल्या, तुम्ही त्यांचे कुणी नाही. भाऊ नाही. आधीचं चुकून बोलले म्हणाल्या."

मला वाटलं, सुटले म्हणून श्वास सोडतील. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मी न्हाय म्हनलो ते तुमी तिला सांगितलं का?"

"नाही."

"मग ती कशापायी म्हनली?"



त्यांनी कागद उलटा केला आणि रामचं पेन मागितलं. 'शबीना अल्ताफ तांबोळी, नातं बहीण. हे मी लपवलं,' असं लिहून खाली सही केली.

अहवाल मी बापूसाहेबांना दिला. कोटेशनं खोटी, सिद्ध. ऑर्डरचे तुकडे, सिद्ध. संबंध लपवला, सिद्ध. कमिशन, पुरावा नाही. शिक्षा ठरवणं आमचं काम नाही. शबीनाचे दोन्ही जबाब जोडले, कारण एक काढून टाकणं खोटं झालं असतं.

जाताना भोंगसाहेब दारात थांबले होते. "मॅडम, येक करा. ती खोटं बोलली असं लिवू नका."

मी नाही लिहिलं. पण अहवाल वाचेल त्याला ते दिसणारच आहे.