पायपेटीला पडलेले बदाम

पायपेटीला चारशे बारा बदाम पडले, ही बातमी एलियाआप्पाला दाढी करताना कळली. अर्ध्या गालावर फेस तसाच, अन् नात नॅन्सी दारात मोबाईल नाचवत उभी.

"आप्पा, चारशे बारा! आन् की-बोर्डला सत्तावन्न अंगठे. जिंकली तुमची पेटी."

आप्पानं वस्तरा खाली ठेवला. "सत्तावन्नच? ख्रिस्तोफरचं नाक कापलं म्हणायचं."

"तुमचा गाल कापला आधी. रगत बघा."

आप्पाला रगताचं काय पडलंय! त्यानं बोटानं पुसलं आन् हसत बसला. दौंडला रेल्वेत छत्तीस वर्सं घालवलेला माणूस. गाडी वेळेवर आल्याचा आनंद त्याला ठावा हाय, पर मतं मिळाल्याचा आनंद त्याच्या वाट्याला पहिल्यांदाच आला व्हता.

झालं व्हतं असं. शिरूरच्या मिशन कंपाउंडातल्या जुन्या चर्चमधी एक पायपेटी हाय. पायानं भाता मारायचा, हातानं वाजवायची. गोऱ्या मडमेच्या काळातली. आप्पाची बायको सगुणा, मिशनच्या शाळेत बाई व्हती, तिनं ती चाळीस वर्सं वाजवली. चार वर्सांखाली सगुणा गेली. पेटीवर झाकण पडलं ते पडलंच. भात्याचं कातडं फाटलं, आत उंदरानं बाळंतपण केलं. यंदा नाताळाच्या आधी पंचांच्या बैठकीत ख्रिस्तोफर म्हणाला, "पेटी काढू. पुण्याचा एक माणूस जुन्या वस्तू घेतो. त्याच्या हॉटेलात शोभेला ठेवील. आपण की-बोर्ड आणू, पोरं गातील."

ख्रिस्तोफर काय वाईट न्हाई. रांजणगावला कंपनीत कामाला, पोरांची गाण्याची टोळी तोच धरून हाय. पर "शोभेला" हा शब्द आप्पाच्या काळजात घुसला. सगुणाच्या पायानं घासलेली ती भात्याची पायटी, आन् तिच्यासमोर कोण तरी तंदुरी खात बसणार!

भांडण वाढाय लागलं तवा पाळकसाहेब म्हणाले, "लोकांना विचारू. येत्या रविवारी ठरवू." आन् चर्चचं फेसबुक पेज चालवती नॅन्सी. तिनं पोस्ट टाकली: 'पेटी दुरुस्त करायची? बदाम दाबा. की-बोर्ड आणायचा? अंगठा दाबा.' वर फोटो पाहिजे म्हणून आप्पाकडं मागितला. आप्पानं पत्र्याच्या ट्रंकेतनं हुडकून दिला. सगुणा पेटीपाशी बसलेली, अंबाड्यात शेवंती, मान जराशी वाकडी. सूर लागला की तिची मान तशी व्हायची.

दौंडची नोकरी, शिरूरचं घर. शनिवारी संध्याकाळी आप्पा येस्टीनं यायचा. चर्चच्या भिंतीपाशी आला की आतनं पेटीचा आवाज. सगुणा रविवारची गाणी बसवत असायची. आप्पा आत जायचा न्हाई. बाहेर चिंचेखाली पिशवी घेऊन उभा राह्यचा. एकदा तिनं विचारलं, "उशीर का व्हतो वो येस्टीला?" आप्पा म्हणाला, "रस्ता खराब हाय." रस्ता चांगला व्हता. चिंच खराब व्हती.

त्यामुळं चारशे बारा ऐकून आप्पा त्या दिवशी जेवणाचं ताट घेऊन अंगणात बसला. येईल जाईल त्याला सांगत व्हता.

संध्याकाळी ख्रिस्तोफर आला. बूट काढायच्या आधीच बोलाय लागला. "आप्पा, सलाम. ही काय रीत झाली का? सगुणाकाकूंचा फोटो लावल्यावर अंगठा कोण दाबील? माझ्या आईनं बदाम दाबलाय! मी विचारलं, तुला पेटी पाहिजे? तर म्हणती, कसली पेटी? मी सगुणाला दाबला."

"हरला की नाचणाऱ्याला अंगण वाकडं दिसतं," आप्पा म्हणाला.

"आन् अडतीस रडके चेहरे पडलेत, ते कुणाचे?"

"रडणारा माझ्या बाजूचा. पेटीसाठी रडतोय."

"का? पेटी मोडली म्हणून रडत्यात, म्हंजी नवी पाहिजे."

नॅन्सी मधी पडली. "रडका दाबा असं मी लिहिलंच नव्हतं. ते कुणाच्याच खात्यात न्हाईत. आन् अंगठ्याचंबी खरं न्हाई, ख्रिस्तोफरदादा. त्यातले निम्मे जण समद्यालाच अंगठा देत्यात. मयतीच्या बातमीलाबी. 'बघितलं' एवढाच त्याचा अर्थ."

"मग बिनफोटोचं विचार," ख्रिस्तोफर म्हणाला. "नुसती अक्षरं."

"इन्स्टाच्या स्टोरीवर टाकते. दोनच पर्याय, चोवीस तास. कुणी काय दाबलं ते मला दिसतं."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी निकाल. एकशे अठरा मतं. की-बोर्ड एकाहत्तर टक्के, पेटी एकोणतीस.

आप्पाचं तोंड उतरलं. "काल जिंकली, आज हरली? एका दिवसात जग फिरलं व्हय?"

"जग न्हाई फिरलं आप्पा, माणसं दुसरी. फेसबुकावर तुमच्या वयाची, इन्स्टावर आमची. भाग्यश्रीनंबी दाबलंय की-बोर्ड. माझ्या कॉलेजातली. ती आपल्या चर्चमधी कवा आलीच न्हाई."

आप्पानं चष्मा लावला. रेल्वेतला माणूस, डबे मोजायची सवय. "ते चारशे बारा कोण हायत? नावं दिसत्यात का?"

"दिसत्यात की. बदामावर दाबलं की यादी येती."

"वाच."

नॅन्सी वाचाय लागली. सुरुवातीला आप्पाचा जीव सुखावला. ज्याचं नाव निघंल त्याच्यासंगं एक जुना रविवार निघायचा. पुण्याचा तो डॉक्टर, लहानपणी पेटीच्या मागं लपून पेरू खायचा. नगरची ती नर्स, सगुणानं तिला पहिलं गाणं शिकवलं. एक बाई मेलबर्नला, एक दुबईला. खाली लिहिलेलं, 'काकूंच्या पेटीचा आवाज अजून कानात हाय.' 'आपलं चर्च, आपलं बालपण.'

"हा मागच्या वेळी कवा आला?" आप्पा विचारायचा.

"कुणाच्या तरी लग्नाला आला व्हता. मी चौथीत व्हते."

"ही?"

"न्हाई आप्पा. आलीच न्हाई."

शंभर नावं झाल्यावर आप्पा म्हणाला, "आता रविवारी बाकावर बसणारी तेवढी सांग."

नॅन्सीनं यादी वर केली, खाली केली. बोटांवर मोजून बघितलं. "चौदा."

आप्पानं चष्मा काढला. चिंचेखाली उभं राहून ऐकणारे चारशे, तो मनाशी म्हणाला. आत येणारे चौदा. आन् आपण तरी काय येगळं केलं? छत्तीस वर्सं भिंतीबाहेर उभे.

"आन् कृपाबाईचं नाव?" त्यानं विचारलं.

"तिच्याकडं कुठं मोबाईल? साधा हाय, बटणांचा."

कृपाबाई म्हंजी कवठे येमाईची. शेवंती लावती. पंचाहत्तरीची बाई, दर रविवारी जीपनं येती, फुलं घेऊन. पेटीच्या शेजारची जागा तिची ठरलेली. बाकावर बसत न्हाई, पेटीला पाठ टेकून खालीच बसती.

रविवारी भक्ती संपली. पाळकसाहेबांनी दोन्ही निकाल वाचून दाखवले. एकात पेटी, एकात की-बोर्ड. लोकं हसली. ख्रिस्तोफर उठला, "इन्स्टाचं धरा, त्यात फोटो न्हाई." आप्पा उठला. समद्यांना वाटलं, आता म्हातारा चारशे बारा सांगणार.

आप्पा म्हणाला, "साहेब, दोन्ही सोडा. हितं जे बसलेत त्यांना विचारा. नाताळाच्या सकाळी पाच वाजता थंडीत गायला जे येणार, त्यांचं गाणं हाय हे."

ख्रिस्तोफर बघतच राह्यला.

हात वर केले. पेटीला नऊ. की-बोर्डला अकरा. ख्रिस्तोफरनं मूठ आवळली, झालं म्हणून. पर आप्पा उभाच. तो डोकी मोजत व्हता. "माणसं चौतीस. चौदा हात कुठं गेले?"

आप्पा कृपाबाईकडं वळला. "कृपाबाई, तुमचा हात का खाली?"

"मला इचारलंय व्हय?" म्हातारी म्हणाली. "दोनच ताटं मांडली. एक पेटी, एक ती दुसरी. मला दोन्ही नको. मग हात कशाला वर करू, खांदा दुखतोय."

"मग काय पाहिजे तुम्हाला?"

"अरं एलिया, तू शनिवारी दौंडनं यायचास आन् भाईर उभा राह्यचास. सगुणाला ठावं व्हतं. ती म्हणायची, हे बाहेरच ऐकत्यात, आत येऊन गात न्हाईत." आप्पाचे कान लाल झाले. म्हातारी बोलतच राह्यली. "पेटीवर पोरांची गाणी बसवायची ती. आन् पोरं गेली की झाकण लावायची. मग आम्ही बाया खाली बसायचो. ढोलकी घ्यायचो, टाळ घ्यायचो. जात्यावरच्या चालीवर येशूच्या ओव्या म्हणायचो. सगुणा पुढं, आम्ही मागं. पुस्तक न्हाई, वाचाय कुणाला येत व्हतं? तवा गाणं माझं वाटायचं. पेटी वाजली की मी नुसती ऐकायची. आता त्या नव्या डब्याचंबी मी ऐकतच बसणार."

मागनं एक बाई म्हणाली, "व्हय, तसं असंल तर मी येते पाचला." मग दुसरी. मग एक बाप्या, "ढोलकी हाय का पर? आमच्या घरी हाय एक, पान बदलावं लागंल." पाळकसाहेबांनी ओव्यांसाठी पुन्हा हात मागितले. तेवीस.

नॅन्सी हळूच म्हणाली, "मी हा पर्याय टाकलाच न्हाई, आप्पा."

"तुला कुठं ठावं व्हता? मला तरी कुठं ठावं व्हता," आप्पा म्हणाला. "चाळीस वर्सं संसार केला मी तिच्यासंगं."

ख्रिस्तोफर खाली बघत व्हता. कृपाबाई त्याला म्हणाली, "तोंड पाडू नको. टाळ धर. ताल बरा हाय तुझा, बोलतोस लई."

"आन् पेटी?" त्यानं विचारलं. "पुण्याच्या माणसाला काय सांगू?"

समद्यांनी आप्पाकडं बघितलं. आप्पाला भात्याचं कातडं, उंदराची पिल्लं, ती घासलेली पायटी, समदं दिसत व्हतं. दुरुस्त करा म्हणायला तोंड उघडलं, आन् मिटलं.

कृपाबाईच बोलली. "काय सांगतोस? मग मी पाठ कुठं टेकू?"

एवढ्यावर निभावलं. पेटी जागेवर राह्यली, मुकी.

घरी जाताना आप्पा चिंचेखाली थांबला. "त्या पोस्टीवर आता किती?"

"चारशे एकतीस. अजून वाढत्यात."

"माझा हाय का त्यात?"

नॅन्सीनं बघितलं. "न्हाई आप्पा! तुमचंच नाव न्हाई."

आप्पानं खिशातनं आपला मोबाईल काढून तिच्या हातात दिला. तिनं ती पोस्ट काढून दिली. आप्पानं घाईनं दाबलं तर निळा अंगठा उमटला.

"आप्पा, की-बोर्डला मत दिलं तुम्ही!"

"काढ ते. कसं काढायचं?"

"दाबून धरा. आता बोट सरकवा."

आप्पानं जाड बोट दाबून धरलं. चिन्हांची रांग वर आली. बदाम उमटला. वाकड्या मानेची सगुणा फोटोतनं पेटीकडंच बघत व्हती.

"हा पेटीचा न्हाई," आप्पा म्हणाला. "मोजू नको."

मग त्यानं मोबाईल खिशात घातला, आन् जिथनं छत्तीस वर्सं नुसतं ऐकलं तिथं उभं राहून, कोणी बघतंय का ते बघून, ओवीची पहिली ओळ पुटपुटून बघितली. दुसरी येत नव्हती. ती कृपाबाईला विचारावी लागणार व्हती.