दुसरा सेल

वजनकाट्याचा व्हिडिओ दुपारी चढवायचा होता. ताई लॅपटॉपसमोर बसून तुकडे जोडत होती आणि धाकटा भाऊ शेजारी बसून मुद्दे वाचत होता. आधी खोक्यात काय मिळालं, मग काट्याचं रूप, मग वापर, मग खोड, आणि शेवटी घ्यावा की नाही. दोघांच्या चॅनेलची हीच पद्धत होती. खोकं उघडण्याचं चित्रण सकाळीच झालं होतं.

पहिल्या तुकड्यावर तिने पडद्यावर दिसणारी चिठ्ठी टाकली : ‘सोबत दोन बटण सेल’.

“ताई, एकच दिसतोय की,” भाऊ म्हणाला.

“पिशवी फाडली तेव्हा दोन होते. मी बोललेय तसं.”

तिने तो तुकडा मागे नेला आणि हळू चालवला. पिशवी फाटली. एक सेल टेबलावर राहिला, दुसरा घरंगळत कडेपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. ती मात्र कॅमेऱ्याकडे बघून हसत काट्याची तारीफ करत होती. तेवढ्यात चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून एक इवलासा हात वर आला आणि पुन्हा खाली गेला.

ताईने तुकडा तिथेच थांबवला.

तिचं रांगतं बाळ, पिल्लू, सकाळपासून लाळ गाळत होतं, पेजेचा घोट थुंकून टाकत होतं. दात येत असतील म्हणून तिने दुर्लक्ष केलं होतं.

भावाने टेबलाखाली, गादीखाली हात घालून पाहिलं. सेल नव्हता.

“शोधत बसू नकोस! गाडी काढ!” ती किंचाळली.

रस्ताभर तिने पिल्लाला छातीशी धरलं होतं. ते खोकलं की तिचा जीव टांगणीला लागायचा. दवाखान्यात भावाने मोबाईलवर तो तुकडा दाखवला. डॉक्टरीणबाईंनी सेलचा आकार विचारला आणि लगेच एक्स-रे काढायला लावला. अन्ननलिकेत एक गोल चकती अडकलेली दिसत होती आणि तिच्या कडेला दुसरी फिकट रेघ होती.

“कडेला दुहेरी रेघ आहे, म्हणजे नाणं नाही, सेलच आहे,” बाई म्हणाल्या. “ आत भाजतो तो. थांबायला वेळ नाही.”

पिल्लाला सेल काढायला आत नेलं आणि दार बंद झालं. ताई भिंतीला टेकून बसली. भावाने दिलेला पाण्याचा पेला तिने तसाच खाली ठेवला.

दार उघडलं तेव्हा बाईंच्या कपाळावर घाम होता. “निघाला. थोडं भाजलंय, काही दिवस इथेच ठेवू. पण वेळेवर आणलंत.”

पिल्लू घरी आल्यावर ताईने व्हिडिओ पुन्हा मांडला. खोड चौथ्या क्रमांकावर होती, ती उचलून तिने अगदी सुरुवातीला ठेवली. सेल सुट्या पिशवीत येतात आणि काट्याचं झाकण स्क्रूविना नखाने निघतं, हे तिने जवळून दाखवलं. वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी टाकली : ‘मूल घरात असेल तर सेल मोजा. एक जरी कमी भरला तर लगेच दवाखाना.’

“फार वेळ राहतेय गं पडद्यावर,” भाऊ म्हणाला. “लोक पुढे ढकलतील.”

“हळू वाचणारेही असतात.”

इवल्या हाताचा तुकडा तिने वापरला नाही. तो पुन्हा पाहायचा तिला धीर नव्हता. आतल्या खोलीत पिल्लू खोकलं आणि ती खुर्ची मागे ढकलून धावली.